गिरणी नकाशावर कुठे दिसते?

नव्या सोसायटीत राहायला आलेल्या माणसाला दळण कुठे टाकायचं हे ठाऊक नसतं. शेजारी विचारता येतं, पण फोन हातातच असतो. तो flour mill near me असं टाइप करतो, कुणी atta chakki लिहितो, कुणी सरळ ‘पिठाची गिरणी’. समोर छोटा नकाशा येतो आणि त्याखाली बहुधा तीनच नावं. पुढची यादी उघडावी लागते आणि तेवढे कष्ट थोडेच लोक घेतात.

ही तीन नावं कशी ठरतात ते गुगलनेच सांगून ठेवलं आहे: विचारलेल्या गोष्टीशी दुकानाचा मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि दुकानाची एकंदर ओळख. यातलं अंतर कुणाच्याच हातात नाही. गिरणी कोथरूडला असेल, तर बिबवेवाडीतल्या माणसाला ती दिसावी म्हणून पैसे खर्च करणं म्हणजे निव्वळ पाण्यात घालणं. तरीही ‘पहिल्या नंबरावर आणून देतो’ म्हणणारे फोन येत राहतात. काही जण तर आपण गुगलमधूनच बोलतोय, पैसे भरले नाहीत तर नोंद बंद होईल, अशी दमदाटी करतात. नकाशावरची नोंद फुकट असते, एवढं लक्षात ठेवावं आणि फोन ठेवून द्यावा.

आता एक गिरणी धरू या. कोथरूडच्या आतल्या गल्लीत आहे, पाटीवर ‘अन्नपूर्णा पिठाची गिरणी’ लिहिलंय. नोंदीतही नाव तेवढंच हवं. ‘अन्नपूर्णा बेस्ट आटा चक्की कोथरूड होम डिलिव्हरी’ असं लांबण लावायचा मोह अनेकांना होतो. काही दिवस त्याचा फायदा झाल्यासारखा वाटतोही. पण ते नियमाबाहेर आहे. कुणी तक्रार केली तर नाव छाटलं जातं, कधी सगळी नोंदच निलंबित होते आणि मग पाटीचे फोटो, शॉप अ‍ॅक्ट, लाइट बिल पाठवत बसावं लागतं. जे नावात कोंबायचं असतं, त्याची खरी जागा वर्गाच्या रकान्यात आहे. तिथे मुख्य वर्ग Flour mill निवडायचा. हा वर्ग बघणाऱ्याच्या फोनच्या भाषेत दिसतो, त्यामुळे पाटी मराठीत असली तरी अडत नाही. अनेक गिरण्यांनी मुख्य वर्ग किराणा दुकान ठेवलेला असतो, कारण बाजूला चार पाकिटं विकायला असतात. मग गिरणी शोधणाऱ्याला त्या दिसतच नाहीत. किराणा हा दुय्यम वर्ग म्हणून जोडता येतो. असे नऊपर्यंत जोडता येतात, पण एक-दोन पुरतात.

नोंद आपलीच आहे हे पटवायला हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात. तो न थांबवता, एका दमात काढायचा असतो. आधी रस्ता आणि ओळखीची खूण, मग पाटी, मग स्वतः कुलूप काढून शटर वर करायचं आणि आत जाऊन चक्की सुरू करायची. मालकालाच जे करता येईल ते दिसलं पाहिजे, असा हिशेब. गिऱ्हाइकांचे चेहरे त्यात नकोत. हे सगळं मालकाच्या स्वतःच्या ईमेलवरून करावं. भाच्याच्या किंवा एजंटाच्या ईमेलवर नोंद केली, की तो माणूस लांब गेल्यावर वेळ बदलायलाही त्याच्या मागे लागावं लागतं.

मग पिन. आपल्याकडचे पत्ते ‘मारुती मंदिरामागे’, ‘बँकेच्या समोरची गल्ली’ अशा धर्तीचे. त्यावरून नकाशा अंदाजाने पिन टोचतो आणि ती कधी मागच्या गल्लीत, कधी सोसायटीच्या कंपाउंडमध्ये पडते. सॅटेलाइटचं दृश्य लावून, पुरेसं मोठं करून, पिन बोटाने ओढून बरोबर शटरवर आणावी. ‘मॅप तर इथेच आलोय म्हणतो, तुम्ही कुठे आहात?’ असे फोन येत असतील, तर पिन चुकली आहे असं खुशाल समजावं.

सर्वांत जास्त घोटाळा मात्र वेळेत होतो. गिरणी सकाळी नऊ ते एक आणि संध्याकाळी पाच ते नऊ चालते. मालक सोपं म्हणून नऊ ते नऊ भरतो. दुपारी अडीचला कुणीतरी दहा किलोची पिशवी घेऊन येतो, शटर बंद बघतो आणि तिथेच उभ्या उभ्या एक तारा देऊन जातो. एका दिवसात दोन वेळा वेगवेगळ्या भरायची सोय नोंदीत आहे. ती वापरावी. वेळ भरलीच नाही, तर ‘आता सुरू’ असलेली दुकानं शोधणाऱ्याच्या यादीतून गिरणी गळते. शोधाच्या वेळी दुकान उघडं आहे की नाही याला 2023च्या अखेरीपासून गुगल अधिक वजन देतं, त्यामुळे चोवीस तास उघडं दाखवायची शक्कल काहींनी काढली. तिचा शेवट बंद शटरपुढे चिडलेल्या गिऱ्हाइकात होतो. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाणार असेल, तर त्या तारखेपुरती वेगळी वेळ आदल्या दिवशीच टाकता येते.

घरपोच सेवेचं गणित गिरणीत जरा निराळं असतं, कारण इथे फेऱ्या दोन: धान्य आणायची आणि पीठ पोचवायची. पाच किलोच्या दळणासाठी दोनदा गाडी काढली, तर दळणावळ पेट्रोलमध्येच जाते. त्यावरचा तोडगा म्हणजे ठरलेला वार आणि ठरलेला रस्ता. मंगळवारी एका भागातून डबे गोळा करायचे, शुक्रवारी त्याच भागात पीठ देताना पुढचे डबे उचलायचे. पहिल्या फेरीनंतर प्रत्येक फेरी भरलेली जाते, भरलेली येते. डब्यावर नाव, फ्लॅट नंबर आणि ‘बारीक’ की ‘जाडसर’ हे चिकटवलेलं असावं. गहू आणि ज्वारी एकाच रंगाच्या डब्यात आली की गोंधळ ठरलेला. उपासाचं दळण वेगळ्या दिवशी, चक्की झाडून. फिरायचं क्षेत्र मात्र दीड-दोन किलोमीटरच्या आतच ठेवावं. लांबच्यांना नकाशावर गिरणी दिसण्याची शक्यता मुळातच कमी, आणि दिसली तरी तिथली एकटी ऑर्डर परवडत नाही. निरोपासाठी व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस पुरतं: दर आणि भाजण्यांची यादी कॅटलॉगमध्ये, दुपारच्या बंद वेळेसाठी आपोआप जाणारं उत्तर. नंबर पाटीवर, नकाशावर आणि जस्टडायलवर एकच हवा.

आपण कुठे दिसतो हे गिरणीत बसून तपासण्यात अर्थ नाही. तिथे अंतर शून्य, म्हणून आपणच वर असणार. किलोमीटरभर लांब राहणाऱ्या गिऱ्हाइकाला त्याच्या फोनवर शोधायला सांगावं. अभिप्राय मागावेत, पण त्याबदल्यात दळण फुकट देऊ नये, नियमात बसत नाही. ‘भाजणी छान दळली’ हे एका ओळीचं खरं वाक्य नुसत्या पाच ताऱ्यांपेक्षा कामाचं. गिरणी शोधणाऱ्याला इथे काय मिळतं ते त्यातून कळतं.

नोंदीतच कामगिरीचा एक भाग असतो. लोकांनी काय शब्द टाकले, किती जणांनी फोन लावला, किती जणांनी रस्ता विचारला, हे महिन्यागणिक दिसतं. फोनचा आकडा फक्त नोंदीवरून लावलेल्यांचा असतो, पाटी बघून केलेले त्यात येत नाहीत. शब्दांची यादी मात्र वाचण्यासारखी असते. नवरात्राच्या आधी तिथे ‘राजगिरा पीठ’ किंवा ‘शिंगाडा पीठ’ दिसू लागलं आणि आपल्या नोंदीत त्याचा उल्लेखच नसेल, तर फोटो आणि दर त्याच आठवड्यात टाकावेत. तयार पीठ पाकिटात विकायचं असेल, तर एफएसएसएआयची नोंदणी त्याआधी हवी.