मूठ, तलवार आणि तीन तास

१८७६ साली मुंबई उच्च न्यायालयापुढे गोविंदा नावाच्या अठरा वर्षांच्या तरुणाचा खटला आला. त्याने आपल्या पंधरा वर्षांच्या बायकोला लाथ मारली, पाठीत बुक्क्या घातल्या. ती खाली पडली. मग त्याने तिच्या छातीवर गुडघा रोवला आणि तोंडावर मुठीने दोन-तीन जोरदार ठोसे मारले. कवटी फुटली नाही, पण डाव्या डोळ्यावर बसलेल्या माराने मेंदूत रक्तस्राव झाला आणि मुलगी दगावली. सत्र न्यायालयाने खून ठरवून फाशी सुनावली होती. उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींचे एकमत होईना, म्हणून प्रकरण तिसऱ्याकडे, न्यायमूर्ती मेलव्हिल यांच्याकडे गेले.

मेलव्हिल यांनी भारतीय दंड संहितेची २९९ आणि ३०० ही दोन कलमे शेजारी शेजारी मांडली आणि त्यांतले नेमके कोणते शब्द वेगळे आहेत ते दाखवले. पहिले कलम सदोष मनुष्यवधाचे, दुसरे खुनाचे. प्रत्येक खून हा सदोष मनुष्यवध असतोच, पण प्रत्येक सदोष मनुष्यवध खून नसतो. जीव घेण्याचाच इरादा असेल तर प्रश्न मिटतो. अपवाद लागू नसेल तर तो खूनच. खरी अडचण येते ती इरादा फक्त इजा करण्याचा असतो तेव्हा. ती इजा मृत्यू ओढवण्याचा संभव असलेली असेल, तर सदोष मनुष्यवध. निसर्गक्रमाने मृत्यू यायला ती पुरेशी असेल, तर खून. मेलव्हिल यांनी दाखला दिला तो असा: मर्मस्थानी मुठीचा किंवा काठीचा फटका बसला तर माणूस मरण्याचा संभव असतो, तिथेच तलवारीचा घाव बसला तर मरण यायला तो घावच पुरेसा असतो. म्हणजे फरक शक्यतेच्या मापाचा आहे आणि ते माप हत्यार, जागा आणि जोर यांवरून काढायचे. गोविंदाचा गुन्हा खुनाहून खालच्या पायरीचा ठरला. फाशी टळली, सात वर्षांचे काळे पाणी झाले.

हा निकाल वाचताना मला ती मुलगी विसरता येत नाही. आडव्या पडलेल्या, छातीवर गुडघा असलेल्या कोवळ्या पोरीला तो ठोसा किती जड होता, याचा विचार त्या मापात मला अपुरा वाटतो. कायद्यात त्याला जागा आहे. समोरचा माणूस आजारी किंवा दुबळा आहे, या माराने तो मरण्याचा संभव आहे हे ठाऊक असूनही कुणी इजा करण्याच्या इराद्याने मारले, तर निरोगी माणूस त्या माराने मेला नसता ही सबब चालत नाही, तो खूनच. पण ते ठाऊक होते हे सिद्ध व्हावे लागते.

पुढे १९५८ साली विरसा सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गोष्ट पक्की केली. तिथे पोटात भाला खुपसला होता. ती विशिष्ट जखम करण्याचा इरादा होता का, एवढेच आरोपीच्या मनातले पाहायचे. ती मृत्यूला पुरेशी होती का, हे वैद्यकीय पुराव्यावरून ठरते. आरोपीला ते कळत होते की नाही, हा प्रश्न उरत नाही.

आता उलट बाजू. कृत्य खुनाच्या व्याख्येत बसले, तरी पाच अपवाद त्याला खालच्या पायरीवर आणतात. त्यांतला एक म्हणजे गंभीर व अचानक प्रक्षोभ. त्याची कसोटी लागली ती नानावटी खटल्यात. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत नौदलातील कमांडर नानावटी यांना पत्नीने प्रेम आहुजा यांच्याशी असलेल्या संबंधांची कबुली दिली. नानावटींनी पत्नीला आणि मुलांना सिनेमाला सोडले, मग जहाजावर जाऊन खोट्या कारणाने रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसे घेतली, आहुजांच्या कचेरीत डोकावले, तिथे ते भेटले नाहीत म्हणून त्यांच्या घरी जाऊन त्यांना गोळ्या घालून ठार केले. कबुली आणि गोळीबार यांत सुमारे तीन तास गेले.

१९६१ साली सर्वोच्च न्यायालयाने पाहिले ते हेच. त्याच समाजातल्या, त्याच परिस्थितीतल्या समंजस माणसाचा तोल गेला असता का? गेला असता, असे मानले तरी प्राणघातक वार त्या आवेगातच झाला पाहिजे. मध्ये राग निवायला वेळ मिळाला, तर अपवाद लागत नाही. किती मिनिटे, हे कायदा सांगत नाही. मधल्या वेळात माणसाने काय केले, ते बोलते. ज्याला घरच्यांची सोय लावता येते आणि शस्त्र मिळवायला सबब रचता येते, तो भानावर आलेला असतो. म्हणून जन्मठेप कायम झाली.

अपवाद सिद्ध करण्याची जबाबदारी आरोपीवर असते. आणि प्रक्षोभ त्याने स्वतः ओढवून घेतलेला चालत नाही. आहुजांच्या उद्दाम उत्तराने आपण भडकलो, हा बचाव इथेच कोसळला, कारण शिवीने सुरुवात नानावटींनी केली होती आणि शिवीला आलेले तसलेच उत्तर न्यायालयाने प्रक्षोभ मानले नाही.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि २९९ व ३०० ही कलमे १०० व १०१ झाली. व्याख्या जवळपास तीच राहिली. पण खुनाहून खालच्या पायरीतल्या वरच्या टप्प्यासाठी, म्हणजे जिथे मृत्यूचा किंवा मृत्यू ओढवण्याचा संभव असलेल्या इजेचा इरादा होता तिथे, पूर्वी किमान शिक्षा नव्हती. आता ती पाच वर्षे आहे. फक्त संभव ठाऊक असल्याच्या खालच्या टप्प्याला ती किमान मर्यादा नाही.