फॅटची सरासरी काढताना टक्के नव्हे, किलो धरावेत

दूध संघाच्या शीतकरण केंद्रावर रोज किती दूध आले, त्याला किती फॅट लागले, हे आता डॅशबोर्डवर दिसते. रात्री नवी माहिती भरली जाते आणि सकाळी आठवड्याचा, महिन्याचा आकडा बदललेला असतो. दुधाच्या किलोंची नुसती बेरीज होत असल्याने तो आकडा सहसा बरोबर असतो. फॅटचा टक्का मात्र अनेकदा चुकतो, कारण रोजच्या टक्क्यांचीच सरासरी काढलेली असते.

समजा, एका केंद्रावर गाय आणि म्हैस मिळून रोज ५,००० किलो दूध येते. त्यातले ४,५०० किलो गाईचे आणि ५०० किलो म्हशीचे. सगळ्याचे मिळून फॅट ३.८ टक्के, म्हणजे १९० किलो. असे सहा दिवस गेले. सातव्या दिवशी नदीला पूर आला, गाईच्या दुधाचे टेम्पो पलीकडेच अडकले आणि फक्त म्हशीचे ५०० किलो दूध पोचले. त्याचे फॅट ६.६ टक्के, म्हणजे ३३ किलो.

सात दिवसांच्या टक्क्यांची सरासरी ४.२ येते. खरा हिशेब असा: सहा दिवसांचे १,१४० किलो आणि सातव्या दिवसाचे ३३ किलो मिळून फॅट १,१७३ किलो, दूध ३०,५०० किलो, भागाकार ३.८५ टक्के. ४.२ हा आकडा धरला, तर आठवड्यात १,२८१ किलो फॅट यायला हवे होते. वरचे १०८ किलो फॅट टाक्यांत कधी आलेच नाही. आत आलेले फॅट आणि लोणी, तूप, पिशव्या यांतून बाहेर गेलेले फॅट यांचा ताळा जमवताना हीच तूट दिसते आणि संशय कामगारांवर किंवा यंत्रावर जातो. खरी चूक सरासरीत असते.

ही चूक नेहमी एवढी मोठी नसते, म्हणून ती लपून राहते. रोजचे दूध सारखे असेल, तर दोन्ही रीतींनी उत्तर एकच येते. दूध कमीजास्त झाले, पण त्याचा फॅटशी संबंध नसेल, तरी फरक किरकोळच राहतो. ज्या दिवशी दूध घटते त्याच दिवशी फॅट चढते किंवा उतरते, तेव्हा आकडा एका बाजूला सरकतो. पूर, संप, सण अशा दिवशी दुधाचे प्रमाणच नव्हे, तर त्याची जातही बदलते. म्हणून नेमक्या अडचणीच्या आठवड्यात डॅशबोर्ड सर्वांत जास्त फसवतो.

उपाय साठवणीपासून सुरू होतो. रोजच्या नोंदीत टक्का ठेवण्याऐवजी दुधाचे किलो आणि फॅटचे किलो ठेवावेत. टक्का शेवटी, जो काळ किंवा जे केंद्र निवडले असेल त्याच्या बेरजांवरून काढावा:

```sql
SELECT 100.0 * SUM(fat_kg)
       / NULLIF(SUM(milk_kg), 0) AS fat_pct
FROM sankalan;
```

`NULLIF` मुळे संकलन शून्य असलेल्या दिवशी भागाकार अडत नाही. उत्तर रिकामे राहते. शून्य टक्के फॅट असे खोटे उत्तर मिळत नाही. संध्याकाळच्या पाळीची नोंद उशिरा आली, तरी ती बेरजांमध्ये मिसळते आणि टक्का आपोआप सुधारतो. सकाळीच काढून ठेवलेल्या टक्क्यात ती मिसळता येत नाही, कारण तो कितीशा दुधाचा होता हेच हरवलेले असते. आठवड्याच्या सरासऱ्यांवरून महिन्याची सरासरी काढली, तर मूळ चुकीवर आणखी एक चूक चढते.

वजन कोणते धरायचे, हे भागाकाराच्या खालच्या आकड्यावरून ठरते. फॅट आणि एसएनएफ यांचे टक्के वजनावर असतात, म्हणून तिथे दुधाचे किलो. शेतकऱ्याला लिटरमागे मिळालेला सरासरी दर हवा असेल, तर एकूण रुपये भागिले एकूण लिटर. लिटरभर दूध साधारण १.०३ किलो भरते, त्यामुळे दोन्हींची सरमिसळ केली तर सुमारे तीन टक्क्यांचा फरक शांतपणे घुसतो.

बेरजांची रीत पाळूनही एक खड्डा उरतो. फॅट तपासणीचे यंत्र एका पाळीत बंद पडले, तर दुधाचे किलो नोंदले जातात आणि फॅटची जागा रिकामी राहते. `SUM` रिकामी जागा वगळून पुढे जातो. दूध खाली मोजले जाते, फॅट वर मोजलेच जात नाही आणि टक्का घसरतो. म्हणून वरच्या आणि खालच्या बेरजेत त्याच त्या नोंदी हव्यात. न तपासलेले दूध वेगळे काढून त्याचे किलो टक्क्याशेजारी दाखवलेले बरे.

रोजच्या टक्क्यांची साधी सरासरी प्रत्येक वेळी चूकच असते, असे नाही. प्रश्न दिवसांबद्दल असेल, म्हणजे सर्वसाधारण दिवशी फॅट किती लागते असा असेल, तर प्रत्येक दिवसाला सारखे मोल देणे योग्यच. आणि काही आकडे रोजच्या बेरजांवरूनही मिळत नाहीत. महिन्यात एकूण किती वेगवेगळ्या शेतकऱ्यांनी दूध घातले, हे रोजच्या संख्यांची बेरीज करून कळत नाही, कारण तोच शेतकरी रोज येतो. त्यासाठी शेतकऱ्यांच्या मूळ नोंदींपर्यंतच जावे लागते.