प्लॅन वाढवण्याआधी राउटर हलवा

घरातलं नेट रेंगाळायला लागलं की बहुतेकजण थेट मोठ्या प्लॅनकडे वळतात. कंपनीला फोन लावला की दोन मिनिटांत १०० चे २०० एमबीपीएस होतात आणि दर महिन्याचं बिल कायमचं वाढतं. आतल्या खोलीतला व्हिडिओ मात्र आधीसारखाच अडकत राहतो, कारण अडथळा बऱ्याचदा कंपनीच्या वायरीत नसून राउटर आणि आपला फोन यांच्यामधल्या भिंतींत असतो. म्हणून दुरुस्तीचा क्रम उलटा हवा. आधी फुकटातले उपाय, मग शे-दोनशे रुपयांचे, मग हजारांतले आणि प्लॅन सर्वांत शेवटी. एका वेळी एकच बदल करायचा आणि प्रत्येक बदलानंतर वेग मोजून लिहून ठेवायचा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर कशामुळे फरक पडला ते कळत नाही, आणि जे नको होतं त्याचेही पैसे जातात.

मोजायचं कसं, हे आधी ठरवून घेतलेलं बरं. फोन तोच, जागा तीच, शक्यतो वेळही तीच हवी, कारण रात्री नऊला सगळी इमारत नेटवर असते आणि पहाटे कोणीच नसतं. मोजताना घरातला टीव्ही आणि बाकीचे फोन शांत ठेवायचे. speedtest.net वर मोजत असाल तर दर वेळी एकच सर्व्हर निवडायचा. प्रत्येक जागी तीनदा मोजून मधला आकडा लिहायचा. जागा तीन पुरतात: राउटरला वायरने जोडलेला लॅपटॉप, राउटर असलेली खोली आणि सर्वांत रडणारी खोली. इथे एका घोळापासून सावध राहा. प्लॅन मोजतात मेगाबिटमध्ये, तर डाउनलोडच्या खिडकीत बऱ्याचदा मेगाबाइट दिसतात. १०० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला साडेबारा मेगाबाइट. ‘शंभरचं नेट घेतलं आणि बाराच येतंय’ अशी तक्रार करणाऱ्याचं नेट खरं तर ठणठणीत असतं.

वेगाच्या जोडीला आणखी एक चाचणी करावी. तिला पैसा लागत नाही आणि दोष घरातला की बाहेरचा, हे तीच सांगते. आतल्या खोलीत वायफायवर लॅपटॉप ठेवायचा आणि विंडोजमध्ये कमांडची खिडकी उघडून आधी `ipconfig` लिहायचं. `Default Gateway` समोर दिसतो तो आपल्या राउटरचा पत्ता. तो 192.168.1.1 असेल तर पुढच्या दोन ओळी एकामागोमाग चालवायच्या. वेगळा असेल तर पहिल्या ओळीत तो घालायचा.

```
ping -n 50 192.168.1.1
ping -n 50 8.8.8.8
```

पहिली ओळ फक्त राउटरपर्यंत जाऊन येते, दुसरी बाहेरच्या जगापर्यंत. पहिलीतच वेळ ३ मिलिसेकंदांवरून ३०० वर उड्या मारत असेल, मधूनमधून `Request timed out` येत असेल, तर दोष घरातल्या वायफायचा आहे आणि प्लॅन कितीही वाढवला तरी तो जाणार नाही. पहिली ओळ शांत आणि दुसरी अस्वस्थ असेल तर गडबड राउटरच्या पलीकडे आहे. ती कंपनीची लाइन असू शकते, किंवा आपल्याच एखाद्या उपकरणाने ती लाइन भरून टाकलेली असू शकते.

डोंबिवलीतल्या ओळखीच्या एका टू बीएचकेचं उदाहरण घेऊ. प्लॅन २०० एमबीपीएसचा. दाराजवळ फायबर येतं, कंपनीची छोटी पेटी आणि तिला जोडलेला राउटर दोन्ही टीव्हीच्या मागे, लाकडी युनिटच्या बंद कप्प्यात. रडणारी खोली म्हणजे मागची बेडरूम, जिथे मुलीचा ऑनलाइन क्लास चालतो. सुरुवातीचे आकडे असे होते: वायरने ९३, हॉलमध्ये फोनवर ३८, बेडरूममध्ये ९. बेडरूममधून राउटरपर्यंतचं पिंग दर काही ओळींनी शंभरच्या वर उडत होतं. घरातल्यांनी ३०० चा प्लॅन जवळजवळ नक्की केला होता.

आधी राउटर बंद करून पुन्हा चालू केला. बेडरूममध्ये ९ चे १० झाले, म्हणजे काहीच झालं नाही. मग त्याला कप्प्यातून बाहेर काढून युनिटच्या वर, उघड्यावर ठेवलं. टीव्हीची पाठ, आरसा, लोखंडी कपाट, फ्रिज, पाण्याची टाकी या सगळ्यांतून लहरी नीट पार होत नाहीत. आरसीसीचा खांब तर सर्वांत वाईट. शक्य तेवढं उंच आणि घराच्या मध्याकडे, एवढा नियम पुरे. फायबरची बारीक वायर मात्र स्वतः ओढाताण करून हलवू नये. ती जोरात मुडपली की आतून तुटते आणि पेटीवर `LOS` चा लाल दिवा लागतो. दूर न्यायचं असेल तर पेटी जागेवरच ठेवून राउटर लांब केबलने पुढे न्यावा. या घरात हात-दीड हात सरकवण्याइतकीच सोय होती, तरी बेडरूमचे १० वरून २२ झाले.

पुढचा फुकट उपाय होता वायफायचा पट्टा बदलण्याचा. बहुतेक राउटर दोन पट्ट्यांवर चालतात. २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोहोचतो, पण त्यावर शेजारच्या दहा घरांचे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह यांची गर्दी असते. ५ गिगाहर्ट्झचा भिंतीत लवकर दमतो, पण मोकळा आणि वेगवान असतो. फोनच्या यादीत तो कधी नावापुढे 5G लावून दिसतो. मोबाइलच्या फाइव्ह-जीशी त्याचा काही संबंध नाही. या घरात फोन वर्षानुवर्षं २.४ वरच अडकले होते. ५ वर जोडताच हॉलमध्ये ३८ चे ९२ झाले आणि बेडरूममध्ये २२ चे ३५. तरीही दोन भिंती आड असलेल्या खोलीत २.४ सरस ठरू शकतो, म्हणून दोन्ही मोजून ठरवावं. २.४ वरच राहायचं असेल तर राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल १, ६ किंवा ११ यांपैकी सर्वांत कमी गर्दीचा निवडावा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवावी. हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहीत. ४० ची रुंदी कागदावर दुप्पट दिसते, पण गजबजलेल्या इमारतीत ती शेजाऱ्यांचा गोंगाटही तेवढाच जास्त गोळा करते.

आता वायरचा आकडा पाहा. वायरवर ९३, हॉलमध्ये ९२. प्लॅन २०० चा असताना आकडा ९२ ते ९५ च्या मध्ये येऊन भिंतीला टेकल्यासारखा थांबत असेल, तर बहुतेक वेळा वाटेत कुठेतरी १०० चा सांधा आहे. गिगाबिटच्या वेगासाठी केबलमधल्या आठही तारा जिवंत लागतात. एखादी तुटली किंवा टोकाचं प्लास्टिक सैल झालं की दोन्ही बाजूची यंत्रं न बोलता १०० वर उतरतात, आणि त्यातले प्रत्यक्ष हाती पडतात ते हे ९४ च्या आसपासचे. लॅपटॉपच्या बाजूचा सांधा तपासणं सोपं आहे: विंडोजच्या इथरनेट सेटिंगमध्ये `Link speed` समोर 100/100 आहे की 1000/1000, ते दिसतं. इथे तिथे हजारच होतं, म्हणजे संशय उरला पेटी ते राउटर या वीतभर केबलवर. शुद्ध तांब्याची, कॅट सिक्स दर्जाची नवी केबल लावली. वायरचा आकडा ९३ वरून १९० वर आणि हॉलचा १८० वर गेला. नवी केबल लावूनही ९३ च राहिले असते तर राउटरचा पोर्टच १०० चा आहे असं समजून नव्या राउटरचा विचार करावा लागला असता.

बेडरूमचा आकडा मात्र ३५ वरून ३६. एकाच जागी मोजलं असतं तर एकतर ‘नेट दुप्पट झालं’ असं वाटलं असतं, नाहीतर ‘केबलचे पैसे वाया गेले’ असं. खरं तर घरात दोन वेगळे अडथळे होते. केबलचा गेला, भिंतींचा उरला.

भिंतीवर उपाय म्हणून दुकानदार बऱ्याचदा रिपीटर सुचवतो. साधा रिपीटर एकाच पट्ट्यावर ऐकतो आणि त्याच पट्ट्यावर पुढे बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो. आणि तो रडणाऱ्या खोलीतच लावला तर तो तिथला रडका सिग्नलच पुढे वाटतो. लावायचाच तर अर्ध्या वाटेवर लावावा. माझं मत विचाराल तर त्याआधी केबल ओढावी. या घरात वीस मीटर केबल चौकटीच्या कडेने नेऊन बेडरूममध्ये माळ्यावर पडलेला जुना राउटर बसवला. त्यासाठी त्याचा पत्ता 192.168.1.2 केला, `DHCP` बंद केलं, केबल त्याच्या `WAN` मध्ये न लावता `LAN` च्या भोकात लावली आणि वायफायचं नाव-पासवर्ड पहिल्यासारखंच ठेवलं. `DHCP` बंद करायचं राहिलं तर दोन राउटर पत्ते वाटायला लागतात आणि काही फोन जोडलेले दिसूनही नेट चालत नाही. बेडरूमचा आकडा ९२ झाला. हे ९२ ओळखीचं वाटेल: जुन्या राउटरचे पोर्ट १०० चेच होते. तो बदलायची गरज नव्हती, कारण व्हिडिओ क्लासला ४-५ एमबीपीएस पुरतात आणि राउटरपर्यंतचं पिंग आता २-३ मिलिसेकंदांवर शांत होतं.

तरी संध्याकाळी क्लास अधूनमधून अडकायचा. त्या वेळी राउटरपर्यंतचं पिंग शांत आणि 8.8.8.8 चं चारशेवर, म्हणजे गाठ राउटरच्या पलीकडे. कंपनीला शिव्या घालण्याआधी घरातले फोन पाहिले, तर वडिलांचा फोन दिवसभरातले व्हिडिओ ढगात चढवत होता. वर चढणारी वाट भरली की खाली उतरणारंही खोळंबतं, कारण प्रत्येक पोच-पावती त्याच वाटेने जाते. बॅकअप रात्री बारानंतरवर टाकला आणि पिंग खाली आलं. काही राउटरमध्ये वर चढण्याच्या वेगाला मर्यादा घालता येते. तीही प्रत्यक्ष मिळणाऱ्या वेगाच्या थोडी खाली ठेवली तर हेच साधतं.

केबल ओढणं अजिबात शक्य नसेल, घर मोठं किंवा दुमजली असेल, तर मेश घ्यावा, पण त्याचे डबेही जमलं तर वायरनेच जोडावेत. आणि प्लॅन? तो वाढवण्याची वेळ एकच: राउटरला वायरने जोडलेल्या लॅपटॉपवर प्लॅनइतका वेग पूर्ण मिळतोय आणि तरी घरातल्या सगळ्यांचं मिळून भागत नाही. वायरवरच तो रोज संध्याकाळी कोसळत असेल तर प्लॅन न वाढवता कंपनीकडे तारीख-वेळेसह ते वायरवरचे आकडे पाठवावेत. वायफायवरचे आकडे दाखवले की दोष तुमच्या भिंतींवर ढकलून तक्रार बंद होते. डोंबिवलीच्या त्या घरात आजही २०० चाच प्लॅन आहे, आणि सगळ्या दुरुस्तीचा खर्च दोन केबलींपुरता झाला.