आभारासाठी एक मिनिट

‘आता आभारप्रदर्शनासाठी मी आमंत्रित करतो...’ हे शब्द ऐकू आले की सभागृहात खुर्च्या सरकू लागतात. लोकांना कंटाळा येतो तो आभारांचा नव्हे. पुढची पाच मिनिटं कशी जाणार हे त्यांना आधीच ठाऊक असतं. ‘सर्वप्रथम’ने सुरुवात, मग ‘तसेच’, ‘त्याचप्रमाणे’, आणि प्रत्येक नावामागे ‘वेळात वेळ काढून’, ‘अमूल्य मार्गदर्शन’ आणि ‘यांचे मी आभार मानतो’.

ही पुनरुक्ती टाळायची म्हणून पुष्कळ जण समानार्थी शब्द शोधतात. एकाचे आभार, दुसऱ्याला धन्यवाद, तिसऱ्याप्रती कृतज्ञता. शब्द बदलले तरी वाक्य तेच राहतं आणि ऐकणाऱ्याला ते कळतं. खरा उपाय वेगळा आहे. ज्या व्यक्तीने जे केलं ते वाक्यात सांगावं आणि आभाराचं क्रियापद मात्र दोन-तीन जागांसाठीच राखून ठेवावं. कृती नेमकी सांगितली की आभार त्यातच पोहोचतात.

एक उदाहरण घेऊ. 4 मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिन. त्या निमित्ताने एमआयडीसीतल्या एखाद्या कारखान्यात दुरुस्तीच्या वेळी घ्यायच्या काळजीवर परिसंवाद आहे. बाहेरून आलेल्या तज्ज्ञ बाई प्रमुख वक्त्या आहेत. आभाराचं भाषण असं होऊ शकेल:

‘नमस्कार. मॅडम, यंत्र नुसतं बंद असणं आणि त्याची वीज तोडून त्यावर कुलूप लावलेलं असणं, यांतला फरक आज तुम्ही आम्हाला दाखवलात. ज्याचा हात यंत्रात जाणार, किल्ली त्याच्याच खिशात हवी, हे तुमचं म्हणणं उद्याच्या पहिल्या पाळीपासून आमच्या सोबत असेल. कंपनीच्या वतीने तुमचे मनापासून आभार.

या दीड तासासाठी प्लांट हेड सरांनी प्रेस शॉपची एक लाइन थांबवली. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात हा निर्णय सोपा नव्हता. सेफ्टी विभागाने आपल्याच शॉपमधले फोटो जमवले, त्यामुळे विषय परका वाटला नाही. हा हॉल सकाळपासून सजवणारे, माइक सांभाळणारे आणि आपल्या चहा-जेवणाची व्यवस्था बघणारे सहकारी आत्ताही मागे उभे आहेत. या सर्वांचे आम्ही ऋणी आहोत.

आणि दुसरी पाळी असूनही लवकर आलेल्या मित्रांनो, तुमच्या प्रश्नांनी चर्चा खरी रंगली. धन्यवाद.’

सावकाश वाचलं तरी एवढं भाषण साधारण एका मिनिटात होतं. त्यात आभार तीनदाच आले आहेत: एकदा वक्त्यांचे, एकदा सगळ्या यजमानांचे एकत्र, आणि शेवटी श्रोत्यांचे. पाहुणे आधी, मग वरिष्ठ, मग आयोजक आणि मदतनीस, हा क्रम रुळलेला आहे आणि तो मोडायचं कारण नाही. मात्र मदतनीसांना ‘इतर सर्व ज्ञात-अज्ञात हात’ अशा एका फटक्यात उरकू नये. मला तरी आभाराच्या भाषणात सर्वात जास्त खुपतं ते हेच. तो माणूस चार हातांवर उभा असतो, त्याला अज्ञात का म्हणायचं?

किल्लीचं वाक्य घरून लिहून आणता येत नाही. म्हणून आभार मानणाऱ्याने भाषण चालू असताना कागद-पेन घेऊन बसावं आणि ज्या वाक्याला सभागृहाने मान डोलावली किंवा कुजबूज केली, ते टिपावं. एकच टिपावं. तीन-चार मुद्दे घेतले की आभाराऐवजी भाषणाचा सारांश सुरू होतो, आणि त्यात स्वतःचं मत मिसळलं की दुसरं भाषणच उभं राहतं. बाकीचा मजकूर आदल्या दिवशी तयार असावा.

नावांची खातरी कार्यक्रमापूर्वी करावी. उच्चार, हुद्दा आणि स्त्रियांच्या बाबतीत उपपद त्यांनाच विचारावं, अंदाजाने ‘सौ.’ लावू नये, ‘श्रीमती’ औपचारिक प्रसंगी चालतं. ‘श्री. अमुक सर’ असा दुहेरी मान देण्यापेक्षा दोन्हींपैकी एक पुरे.

सूत्रसंचालकाशीही आधी बोलून ठेवावं. जेवणाची सूचना आभारांच्या आधी दिली गेली, तर अर्धं सभागृह दाराकडे निघतं आणि राहिलेले आभार पाठींना ऐकवावे लागतात. सूचना नंतरच यावी, आणि ती सूत्रसंचालकानेच द्यावी. जागेवर येऊन बसल्यावर एखादं नाव राहिल्याचं लक्षात आलं, तर पुन्हा माइककडे धावू नये. ते नाव चिठ्ठीवर लिहून सूत्रसंचालकाकडे द्यावं, म्हणजे जेवणाच्या सूचनेआधी तो ते घेईल; आणि त्या व्यक्तीला जेवणाच्या वेळी स्वतः जाऊन भेटावं.