खडतर वर्षानंतरच्या चार ओळी

लग्नाच्या दहाव्या वाढदिवसाला फोटो टाकायचा हे बहुतेक जोडप्यांचं आधीच ठरलेलं असतं. अडतं ते फोटोखाली काय लिहायचं यापाशी. वर्ष सुखाचं गेलं असेल तर शुभेच्छापत्रातला मजकूरही चालून जातो. पण त्याच वर्षात नोकरी गेलेली असेल, घरात मोठं आजारपण झालेलं असेल, तर तोच मजकूर पोकळ वाटतो आणि खरं लिहायचं म्हटलं की हात आखडतो. किती सांगायचं, कुणाला उद्देशून सांगायचं, घरातलं माणूस दुखावेल का, असे प्रश्न एकदम उभे राहतात.

जोडपं आपल्या अडचणींची गोष्ट कशी सांगतं, याचा मानसशास्त्रज्ञांनी बारकाईने अभ्यास केलेला आहे. अमेरिकेतले जॉन गॉटमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५२ जोडप्यांना समोर बसवून त्यांच्या सहजीवनाची कहाणी विचारली. भेट कशी झाली, लग्न कसं झालं, वाईट दिवस कोणते होते, त्यातून कसे निघालात, असे साधे प्रश्न होते. पुढच्या तीन वर्षांत कोण एकत्र राहिलं आणि कोण वेगळं झालं, हे त्यांनी नंतर पाहिलं आणि १९९२ मध्ये निष्कर्ष मांडले. कष्ट किती वाट्याला आले यापेक्षा ते कसे सांगितले जातात, याकडे त्यांचं लक्ष होतं. काही जोडपी संकटांची यादी सांगत. हे झालं, मग ते झालं, आमच्या हातात काहीच नव्हतं. दुसरी जोडपी त्याच तऱ्हेचे दिवस सांगताना आपण काय केलं ते सांगत आणि त्यात एक अभिमान असे. या दुसऱ्या तऱ्हेची जोडपी एकत्र टिकण्याची शक्यता जास्त दिसली.

अभ्यास लहान होता. अभिमानाने गोष्ट सांगितली म्हणून संसार टिकतो, असा अर्थ त्यातून काढता येत नाही. मुळात नातं घट्ट असेल तर गोष्टही तशी सांगितली जाते, हे उलटंही खरं असू शकतं. पण लिहायला बसलेल्या माणसाला त्यातून एक नेमकी दिशा मिळते. आपल्यावर काय कोसळलं ते थोडक्यात आटपायचं आणि दोघांनी काय केलं तिथे थांबायचं.

नाशिकचं एक जोडपं डोळ्यांसमोर आणू. लग्न २०१५ च्या डिसेंबरातलं. ती शाळेत शिक्षिका, तो कारखान्यात. दहाव्या वर्षाच्या जानेवारीत त्याची नोकरी गेली. एप्रिलमध्ये त्याची आई पडली आणि खुब्याचं ऑपरेशन करावं लागलं. ऑगस्टमध्ये दुसरी नोकरी मिळाली, पण पगार कमी. ती पहिल्यांदा लिहिते ते असं: ‘सुखात सोबत, दुःखात साथ. यंदाचं वर्ष खूप कठीण गेलं, पण तुझा हात हातात होता म्हणून निभावलं. असाच कायम सोबत राहा.’ यात खोटं काहीच नाही. पण हा मजकूर कुठल्याही जोडप्याच्या फोटोखाली शोभेल. त्यात या घरातली एकही वस्तू नाही, एकही सकाळ नाही.

मग ती सगळं खरं लिहायचं ठरवते: ‘जानेवारीत ह्यांची नोकरी गेली. एप्रिलमध्ये आईंचं ऑपरेशन. माझे दागिने गहाण ठेवले. आपलं कोण नि परकं कोण, ते या वर्षी कळलं.’ आता तपशील आहेत, पण ते चुकीच्या जागी लागले आहेत. नोकरी गेल्याची बातमी त्याची आहे, त्याने कुणाला सांगितली आणि कुणापासून लपवली ते त्यालाच ठाऊक. ऑपरेशन सासूबाईंचं आहे. दागिन्यांचं वाक्य वाचताना त्याग एकटीचा वाटतो आणि नवरा बिचारा ठरतो. शेवटच्या ओळीत तर नवऱ्याशी बोलणं थांबून नातेवाइकांशी भांडण सुरू झालंय. मजकूर बिघडल्याची खूण इथेच सापडते: वाचणाऱ्याला हे आपल्याला टोचून लिहिलंय असं वाटत असेल, तर तो वाढदिवसाचा मजकूर राहिला नाही.

तिसऱ्या वेळी ती फक्त एवढंच आठवते, की त्या महिन्यांत रोज घरात काय चालायचं. आणि नवऱ्यालाच उद्देशून लिहिते:

‘या वर्षी सकाळचे डबे तू भरलेस. पहिला महिनाभर रोज बटाट्याची भाजी होती आणि आम्ही मायलेकी मुकाट्याने खात होतो. मी शाळेतून येऊन शिकवण्या घेतल्या, तू आईंना रोज संध्याकाळी गॅलरीत चालवलंस. रात्री हिशोबाची वही उघडली की आपण भांडलोही. अजून सगळं फिटलेलं नाही. दहा वर्षं झाली, वही अजून दोघं मिळूनच लिहितो.’

नोकरीचा उल्लेख नाही, आजाराचं नाव नाही, रक्कम नाही. ज्यांना माहीत आहे त्यांना डब्यावरून सगळं कळतं. ज्यांना माहीत नाही त्यांना एवढंच कळतं की या दोघांनी एकमेकांची कामं उचलली. भांडण लपवलेलं नाही, त्यामुळे बाकीचं खरं वाटतं. कर्ज बाकी असताना ‘संकटावर मात केली’ असं लिहिलं असतं, तर घरच्यांनाच ते खटकलं असतं.

‘आपण’ या मजकुरात एकाच जागी येतो, पण दोघांनी मिळून केलेल्या कामापाशी येतो. अमेरिकेतल्याच आणखी एका संशोधनाची इथे आठवण होते. हृदय अशक्त झालेल्या रुग्णांशी आणि त्यांच्या जोडीदारांशी मायकेल रोहरबॉ आणि सहकाऱ्यांनी आजारपणाबद्दल बोलून घेतलं. २००८ मध्ये मांडलेल्या निष्कर्षांनुसार, जे जोडीदार आजाराविषयी बोलताना ‘मी’ किंवा ‘तो’ न म्हणता दोघांना एकत्र धरून बोलत, त्यांच्या रुग्णांची लक्षणं पुढच्या सहा महिन्यांत तुलनेने बरी राहिली. शब्दाने हृदय सुधारलं असं कुणी म्हटलेलं नाही. आजार दोघांचा मानला गेला होता, हे त्या बोलण्यातून दिसत होतं.

पडद्याचीही काही बंधनं आहेत. इन्स्टाग्रामवर २,२०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं, पण फोटोखाली सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं बोट लावल्यावर उघडतं. म्हणून ‘आज आमच्या लग्नाला दहा वर्षं पूर्ण’ हे वाक्य पहिलं नको. ते फोटोवरूनही कळेल. डब्याचं वाक्य वर असलं की माणूस पुढे वाचतो. व्हॉट्सॲप स्टेटस २४ तासांत निघून जातं, त्यामुळे तिथे एखादीच ओळ पुरते. फोटोही मजकुराशी जुळावा. डब्याबद्दल लिहून वर शालू-फेट्यातला फोटो लावण्यापेक्षा ओट्यापाशी काढलेला साधा फोटो जास्त बोलतो.

टाकण्याआधी मजकूर जोडीदाराला मोठ्याने वाचून दाखवावा, मोबाइल नुसता पुढे करू नये. वाचताना ज्या वाक्याला समोरचा ‘हे कशाला?’ म्हणतो, ते वाक्य वाद न घालता काढावं. आईंच्या चालण्याची ओळ आईंनाही विचारायला हवी. त्या नको म्हणाल्या तर तीही जाईल, मजकूर तेवढ्याने पडत नाही. आणि दूरच्या कुणीतरी खाली ‘काय झालं होतं गं?’ असं विचारलं तर काय उत्तर द्यायचं, हेही दोघांनी तेव्हाच ठरवून ठेवावं. ‘फोन करते’ एवढं उत्तर पुरतं, आणि ज्याला खरंच सांगायचंय त्याला मग फोन करता येतो.