हीलवरच्या मातीच्या जोरावर

डोंगरउतार कापून इमारतीसाठी किंवा रस्त्यासाठी सपाट जागा केली, की कापलेल्या बाजूला संरक्षक भिंत बांधावी लागते. चार मीटर उंच माती अडवणारी आरसीसीची भिंत अनेकदा ४० सेंटीमीटर जाडीचीच असते. तेवढ्या काँक्रीटच्या वजनाने ती माती थोपणारच नाही. भिंत कशाच्या आधारावर उभी आहे ते जमिनीखाली गेल्याशिवाय कळत नाही.

तिथे रुंद, आडवा पाया असतो. त्याचा छोटा भाग पुढे, मोकळ्या बाजूला येतो, तो टो. मोठा भाग मागे, भरावाखाली जातो, तो हील. दोन्हींच्या मधून वर उठते ती उभी भिंत म्हणजे स्टेम. हीलवर कित्येक टन माती बसलेली असते आणि तिच्या वजनाने भिंत जागेवर दबून राहते. कँटिलिव्हर भिंतीची सगळी करामत यातच आहे: जी माती ढकलते, तिच्यातलीच काही धरूनही ठेवते.

ती ढकलते किती? पायाचा तळ पुढच्या जमिनीच्या एक मीटर खाली असेल, तर तळापासून माथ्यापर्यंत ५ मीटर उंची झाली. चांगला मुरूम भरला आहे, एका घनमीटरचे वजन १.८ टन आहे आणि भराव माथ्याशी सपाट आहे असे धरू. पाच मीटर खोलीवर वरच्या मातीचा उभा भार दर चौरस मीटरला ९ टन होतो. पाणी असते तर तेवढाच दाब आडवाही आला असता. मातीचे कण मात्र एकमेकांवर घासतात, अडकतात, आणि काही भार आपापसांतच पेलतात. भिंत अजिबात हलली नाही, तर अशा मातीचा आडवा दाब उभ्याच्या निम्मा राहतो. ती काही मिलिमीटर पुढे कलली, तर मागे मातीची एक पाचर सुटू पाहते, घर्षण पुरेपूर कामाला लागते आणि दाब एक तृतीयांशावर उतरतो. हाच अ‍ॅक्टिव्ह दाब. फ्रान्सचा लष्करी इंजिनिअर कूलाँ याने या पाचरीचे गणित १७७६ साली छापले. त्याआधी कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटावर त्याने किल्ला बांधण्याचे काम केले होते. रँकिनने १८५७ मध्ये तेच दुसऱ्या वाटेने आणि सोप्या रूपात मांडले.

भिंत जराशी कलली, की तिच्यावरचा भार कमी होतो, हे आधी पटत नाही. पण म्हणूनच तळघराच्या भिंतीला हा हिशेब लावू नये. तिला वरचा स्लॅब हलू देत नाही, तेव्हा दाब निम्माच धरायला हवा.

आपल्या भिंतीच्या तळाशी मग ३ टन दाब येतो आणि माथ्याशी शून्य. सरासरी दीड टन, उंची ५ मीटर, म्हणजे भिंतीच्या दर मीटर लांबीमागे साडेसात टनांचा रेटा. तो तळापासून एक तृतीयांश उंचीवर, १.६७ मीटरवर लागतो आणि भिंतीला टोच्या टोकाभोवती पालथी पाडू पाहतो. हा उलथवणारा मोमेंट १२.५ टन-मीटर.

आता विरोध मोजू. पाया ३ मीटर रुंद आणि अर्धा मीटर जाड, टो ०.८ मीटर, हील १.८ मीटर. स्टेमचे वजन ४.५ टन, पायाचे ३.७५ टन आणि हीलवरच्या मातीचे १४.६ टन. एकूण २२.८ टनांतले जवळजवळ दोन तृतीयांश वजन मातीचेच. शिवाय ही माती टोपासून सर्वांत लांब आहे, त्यामुळे सावरणारा मोमेंट ४०.७ टन-मीटर भरतो. आयएस ४५६ प्रमाणे हे वजन दहा टक्के कमी धरायचे आणि तरीही १.४ पट सुरक्षितता दाखवायची. इथे ती २.९ पट येते. भिंत उलथणार नाही.

पण ती सरकेल का? तळाचा घर्षणांक ०.५ धरला, तर दहा टक्के कमी केलेल्या वजनावर घर्षण १०.३ टन मिळते. साडेसात टनांच्या रेट्यासमोर हे १.३७ पट झाले. १.४ला थोडक्यासाठी नापास! उलथण्याच्या तपासणीत एवढी चोख निघालेली भिंत सरकण्याच्या तपासणीत अडते, हे नेहमीचे आहे.

अशा वेळी कित्येकांची नजर पुढच्या मातीकडे जाते. भिंत पुढे सरकू लागली, तर टोपुढची माती दाबली जाईल, वर उचलली जाईल आणि जोरदार विरोध करेल. हा पॅसिव्ह दाब. याच मातीत तो उभ्या भाराच्या तिप्पट, म्हणजे अ‍ॅक्टिव्हच्या नऊपट असतो. एक मीटर खोलीसाठी कागदावर २.७ टन सहज मिळतात आणि भिंत पास होते.

माझ्या मते हे २.७ टन मोजूच नयेत. मागची माती काही मिलिमीटरमध्ये आपला रेटा दाखवते, पण पुढच्या मातीचा पूर्ण विरोध मिळायला भिंत कित्येक पट जास्त, काही सेंटीमीटर सरकावी लागते. आणि ती माती तिथे राहील याची खात्री कुणी द्यायची? पाच वर्षांनी कुणीतरी भिंतीच्या पायथ्याशी गटार किंवा केबलसाठी चर खणतो. पावसाळ्यात तीच माती भिजून मऊ होते. पायाखाली काँक्रीटची शीअर की उतरवण्याचा उपाय पुस्तकांत असतो आणि खडकात तो उत्तम चालतो. मात्र कीच्या मागची माती कीलाही ढकलते, हे बऱ्याच हिशेबांत सुटून जाते.

त्यापेक्षा हील २० सेंटीमीटर लांब करावी. वजन २४.७ टन होते, कमी धरलेले घर्षण ११.१ टन आणि सुरक्षितता १.४८ पट. पुढच्या मातीचा एक कणही न मोजता भिंत पास झाली. त्यानंतर पायाखालच्या जमिनीवरचा दाब तिला पेलतो का, हे पाहायचे.

हे सगळे गणित मात्र कोरड्या भरावाचे आहे. आपल्याकडच्या पावसात भिंतीमागे माथ्यापर्यंत पाणी साचले तर? पाण्यात बुडालेल्या मातीचे परिणामी वजन कमी होते, म्हणून तिचा रेटा ४.२ टनांवर येतो. पण पाण्याला आपसांत घर्षण नसते, त्याचा आडवा दाब पुरा लागतो आणि एकटे पाणीच साडेबारा टनांनी ढकलते. एकूण रेटा १६.७ टन, दुपटीहून जास्त. वर पाणी पायाखाली शिरून त्याला सुमारे ८ टनांनी उचलते. घर्षणाला खरे उरते ९ टनांच्या आसपास. हील वाढवलेली भिंतही आता उलथण्याला कशीबशी टिकते, पण सरकते.

म्हणून स्टेममध्ये दर दीडेक मीटरवर पाइपची वीप होल्स ठेवतात आणि त्यांच्यामागे खडीचा थर भरतात. हा थर वाचवला की पाइप वर्षा-दोन वर्षांत मातीने बुजतात. भरावाला काळी माती टाकणे आणखी घातक. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि तिच्यात घर्षणही कमी.

पुण्यात कोंढव्याला २९ जून २०१९ च्या पावसाळी पहाटे एका सोसायटीची भिंत खालच्या मजुरांच्या झोपड्यांवर कोसळली आणि १५ जणांचा जीव गेला. उंच भिंतीच्या पायथ्याशी झोपड्या किंवा पार्किंग असेल, तर जोराच्या पावसानंतर तिथे जाऊन पाहावे. मागे ओल मुरलेली असूनही वीप होल्स कोरडी असतील, तर ती बुजली आहेत. वरच्या जमिनीवर भिंतीला समांतर भेग दिसली, तर मागची पाचर सुटू लागली आहे. माथा पुढे झुकला असेल तर भिंत कलते आहे. ती ओळंब्यात असूनही शेजारच्या भागाशी जोडाजवळ पुढे सरकलेली दिसली, तर पाया घसरतो आहे. असे काही दिसले, तर भेग सिमेंटने बुजवत बसू नये. आधी खालची माणसे हलवावीत, वरच्या पाण्याची वाट दुसरीकडे वळवावी आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावावे.