पदवी बाहेरून करावी की कॉलेजात बसून?

बचत गटाची बैठक उठली की कुणीतरी मागे थांबतं आणि विचारतं, "ताई, बारावी होऊन पंधरा वर्षं झाली. आधी नोकरी केली, मग लेकरांपायी सोडली. आता बीए करायचं तर बाहेरून करू की कॉलेजात नाव घालू?" आज याच प्रश्नाचा हिशोब मांडू.

आधी एक शंका दूर करू. बाहेरून केलेली पदवी कमी दर्जाची नसते. मान्यता असलेल्या विद्यापीठातून दूरशिक्षणाने घेतलेली पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे, हे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं. आपल्याकडे हे शिक्षण मुख्यतः नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ देतं. ते १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्याचं विभागीय केंद्र नांदेडला आहे. कॉलेजात शिकलात तर पदवी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाची मिळते.

मग निवड कशावर करायची? पहिली गोष्ट म्हणजे पदवी कशासाठी हवी आहे. नर्सिंग, वैद्यकीय, इंजिनिअरिंग आणि वकिली हे शिक्षण बाहेरून होत नाही, त्यासाठी कॉलेजच गाठावं लागतं. बीए करून स्पर्धा परीक्षेला बसायचं असेल तर दोन्ही वाटा चालतात. पण विषय बघून घ्या. अंगणवाडीच्या मुख्यसेविकेचंच उदाहरण घ्या. तिथे पदवी लागते आणि ती कोणत्या विषयांतली हवी तेही जाहिरातीत दिलेलं असतं. म्हणून ज्या पदावर डोळा आहे, त्याची जुनी जाहिरात आधी वाचा आणि मग विषय भरा. पदवी हातात आल्यावर विषय बदलता येत नाहीत.

दुसरी गोष्ट वेळेची. समजा, वाई बाजारची एक बाई रोज माहूरला कॉलेजला येते. जाणं-येणं आणि तास मिळून दिवसाचे सहा तास गेले, तर आठवड्याचे छत्तीस झाले. एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहे, पण वेळ अर्धा होत नाही. शिवाय साधारण ७५ टक्के हजेरी लागते. पेरणी, वेचणी, घरातलं आजारपण यांत ती मोडली तर परीक्षेला बसणं अवघड होतं.

आता तीच बाई बाहेरून शिकते असं धरू. दूरशिक्षणात एका श्रेयांकासाठी तीस तास अभ्यास धरलेला असतो. सत्राला वीस श्रेयांक असतील तर सहाशे तास झाले. सहा महिन्यांत ते बसवायचे तर रोज सव्वातीन तासांच्या आसपास येतात. पुस्तकं मराठीत असतात आणि स्वतः वाचून समजावीत अशी लिहिलेली असतात. पण वाचायला बसवणारं कुणी नसतं. बाहेरून म्हणजे नुसती परीक्षा, असं समजणाऱ्या बाया इथेच गळतात. खूण सोपी आहे. पहिल्या दोन महिन्यांत पुस्तकांचा गठ्ठा सुटला नाही आणि गृहपाठ राहिला, तर सत्र हातचं जाणार हे ओळखा. अभ्यासकेंद्रावरचे तास बहुतेक सुटीच्या दिवशी असतात, ते चुकवू नका.

म्हणून माझं मत असं. घरी रोज तीन तास मिळतात पण ठरलेल्या वेळी मिळत नाहीत, तिने बाहेरून करावं. घरी पुस्तक उघडायलाच मिळत नाही, पण कॉलेज जवळ आहे आणि दुपार मोकळी आहे, तिने कॉलेजात नाव घालावं. घराबाहेर पडल्यावरच तिचा अभ्यास होईल.

बारावी झालेली नसेल तर जरा थांबा. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम बारावीच्या बरोबरीचा धरला जात नाही. नोकरीच्या जाहिरातीत बारावी मागितली तर अडचण येते. दहावी पास असाल तर १७ नंबरचा अर्ज भरून बारावीची परीक्षा द्या आणि मग पदवीकडे वळा.

प्रवेशाच्या वेळी जास्त अडतं ते नावावर. गुणपत्रिकेवर माहेरचं नाव असतं आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणीचा दाखला किंवा नावबदलाचं राजपत्र जून महिन्याआधीच काढून ठेवा. गुणपत्रिका हरवली असेल तर दुसरी प्रत मंडळाकडून मिळते, आपलं विभागीय मंडळ लातूरला आहे. कॉलेजात शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्रही मागतात.

शेवटचं सांगते. "एका वर्षात पदवी देतो" म्हणणाऱ्या एजंटाला पैसे देऊ नका. विद्यापीठाला त्या अभ्यासक्रमाची त्या वर्षाची मान्यता आहे का, ते deb.ugc.ac.in वर दिसतं. सेतू केंद्रावर बसून ते आधी बघा, पैसे मग भरा.